वाटणीचा जुना दावा नावावरून शोधणे, आणि 'निकाली' या शब्दाचा खरा अर्थ

"वडिलांनी चुलत्यांविरुद्ध चोपडा कोर्टात वाटणीचा दावा लावला होता, बहुधा २०१० किंवा २०११ साली. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, वकील साहेबही आता हयात नाहीत. घरात केस नंबर कुणाला माहीत नाही. एक वेबसाइट ४९९ रुपयांत 'पूर्ण केस रिपोर्ट' देते म्हणते. पैसे भरावेत का? कोर्टाच्या साइटवर मी नाव टाकले तर 'रेकॉर्ड नॉट फाउंड' आले. निकाल लागला असेल तर तो कुठे पाहायचा?"

पैसे भरू नयेत. अशा संकेतस्थळांकडे न्यायालयाची वेगळी नोंदवही नसते. न्यायालयाच्या सार्वजनिक पानांवर जे दिसते तेच गोळा करून ती पुन्हा दाखवतात, आणि ते शेवटचे केव्हा गोळा केले हे सहसा सांगत नाहीत. काही वर्षांपूर्वी शिरपूरकडचे एक पक्षकार माझ्याकडे असाच विकत घेतलेला अहवाल घेऊन आले होते. त्यात दावा प्रलंबित दाखवला होता आणि पुढची तारीखही छापलेली होती. अधिकृत पानावर पाहिले तेव्हा तो दावा चार महिन्यांपूर्वीच गैरहजेरीमुळे काढून टाकलेला आढळला. तो पुन्हा बोर्डावर घेण्यासाठी अर्ज करण्याची मुदत तीस दिवसांची असते, आणि ती त्या अहवालावर विसंबून राहिल्यामुळे निघून गेली होती. वकिलांसाठी संपादित निवाड्यांची जी सशुल्क ग्रंथालये आहेत ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यांचा उपयोग आहे, परंतु स्वतःच्या दाव्याची स्थिती पाहण्यासाठी त्यांचीही गरज नाही.

आपली अडचण शोध फुकट आहे की सशुल्क, ही नाही. आपल्याकडे नाव आहे, क्रमांक नाही, आणि न्यायालयाची यंत्रणा क्रमांकावर चालते. त्यामुळे नावावरून क्रमांकापर्यंत पोचणे हे पहिले काम, आणि सापडलेले पान नीट वाचणे हे दुसरे. दुसरे काम लोकांना सोपे वाटते, पण वाटणीच्या दाव्यात खरी चूक तेथेच होते, म्हणून त्याला मी अधिक जागा देणार आहे.

आधी ठिकाण. जिल्हा व तालुका न्यायालयांची स्थिती `services.ecourts.gov.in` या पत्त्यावर दिसते. हा पत्ता शोधयंत्रात न शोधता थेट वरच्या पट्टीत टाइप करावा, कारण शोधयंत्र पुष्कळदा जाहिरात देणारी खासगी स्थळे वर दाखवते. सरकारी पत्त्याच्या शेवटी `gov.in` किंवा `nic.in` असते. स्थिती पाहण्यासाठी, आदेश वाचण्यासाठी किंवा निकालपत्राची पीडीएफ उतरवून घेण्यासाठी तेथे एक रुपयाही मागितला जात नाही आणि खाते उघडावे लागत नाही.

तेथे `Case Status` उघडल्यावर राज्य महाराष्ट्र, जिल्हा जळगाव आणि मग `Court Complex` या रकान्यात चोपडा निवडावे. येथेच पुष्कळांचा शोध फसतो. जिल्ह्याच्या नावाखाली संपूर्ण जिल्ह्याचा शोध होत नाही. एका वेळी एकाच न्यायालय संकुलात शोध होतो. आपण जळगाव शहराचे संकुल निवडले असेल, तर चोपड्याचा दावा 'सापडला नाही' असेच उत्तर येणार. शिवाय वाटणीच्या दाव्याचे मूल्यांकन अधिक असेल तर तो तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात दाखल न होता दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होतो, आणि ते न्यायालय दुसऱ्या गावी असू शकते. म्हणून चोपडा, मग अमळनेर, मग जळगाव या क्रमाने तिन्ही ठिकाणी पाहावे. काही संकुलांत त्याखाली `Court Establishment` असा आणखी एक रकाना उघडतो. तेथेही प्रत्येक पर्याय वेगळा तपासावा लागतो.

`Party Name` या टॅबमध्ये नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष मागितले जाते. वर्ष म्हणजे दावा नोंदवला गेला ते वर्ष, आजचे नव्हे. आपल्याला २०१० की २०११ हे नक्की आठवत नसेल तर २००९ पासून २०१२ पर्यंत एकेक वर्ष टाकून पाहावे, कारण डिसेंबरात दाखल केलेला दावा पुढच्या वर्षीच्या क्रमांकाने नोंदवलेला असू शकतो. खाली `Pending`, `Disposed` आणि `Both` असे तीन पर्याय असतात. यापैकी `Both` निवडावा. केवळ प्रलंबित दाव्यांत शोधून 'आमचा दावा गायब झाला' असे म्हणणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा दावा निकाली यादीत व्यवस्थित होता.

आता नाव. खानदेशात एका तालुक्यात एका वर्षी पाटील, महाजन, कोळी किंवा चौधरी नावाने कितीतरी दावे दाखल होतात, त्यामुळे आडनावावरून शोधणे म्हणजे पोत्यातल्या दादर ज्वारीतून एक दाणा वेचणे. त्यातून इंग्रजी स्पेलिंग ज्या कर्मचाऱ्याने नोंद केली त्याच्या हातावर अवलंबून असते. चौधरी हे `Chaudhari`, `Chaudhary` किंवा `Choudhari` असे येते, आणि सोनवणे हे `Sonawane`, `Sonavane` किंवा `Sonwane` असे येते. नाव आडनावाने सुरू होईल की पहिल्या नावाने, हेही ठरलेले नसते. म्हणून पूर्ण नाव कधीही टाकू नये. पक्षकारांपैकी ज्याचे पहिले नाव सर्वांत कमी आढळणारे आहे ते घ्यावे, आणि त्यातलीही स्पेलिंगबद्दल शंका नसलेली चार-पाच अक्षरे टाकावीत. वाटणीच्या दाव्यात प्रतिवादींमध्ये आत्या, चुलत बहिणी, कधी जमीन विकत घेणारा तिऱ्हाईतही असतो. मात्र यादीत सहसा पहिला वादी आणि पहिला प्रतिवादी यांचीच नावे दिसतात, म्हणून वडील एकटेच वादी होते की थोरले काका किंवा आजी पहिल्या क्रमांकावर होत्या, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

आपल्या बाबतीत याहून सरळ वाट आहे. वकील साहेबांचे नाव आपल्याला माहीत आहे. `Advocate` या टॅबमध्ये वकिलाच्या नावाने शोध घेता येतो आणि तेथे वर्ष विचारले जात नाही. तालुक्याच्या एका वकिलाच्या नावावर शंभर-दोनशे दाव्यांची यादी येईल, परंतु ती डोळ्यांखालून घालायला अर्धा तास पुरतो. त्यात आपल्या घरची किंवा चुलत्यांची नावे ओळखता येतात. वकिलाच्या नावाच्या स्पेलिंगलाही वरचीच सावधगिरी लागू आहे. पुढे वकील बदलले असतील तर नोंद नव्या वकिलाच्या नावावर गेलेली असू शकते, तसे झाले आहे का हेही घरात विचारावे.

दोन्ही वाटा बंद झाल्या तर कागदांकडे वळावे. समन्सची प्रत, मनाई हुकुमाच्या अर्जावरचा, म्हणजे निशाणी ५ वरचा आदेश, किंवा कोर्ट फीची पावती यांपैकी एखादे कागद घरच्या पेटीत बहुधा असते. त्यावर 'रे.मु.नं.' किंवा 'स्पे.मु.नं.' असे लिहून पुढे क्रमांक आणि वर्ष असते. रे.मु.नं. म्हणजे पोर्टलवरील `Regular Civil Suit`, आणि स्पे.मु.नं. म्हणजे `Special Civil Suit`. कागद नसेल तर तलाठी कार्यालयातून शेतीचा सातबारा आणि फेरफार नोंदी पाहाव्यात. इतर हक्कांच्या रकान्यात किंवा एखाद्या फेरफारात दाव्याचा क्रमांक उतरवलेला मला अनेकदा सापडला आहे. क्रमांक मिळाल्यावर `Case Number` टॅबमधून शोध घ्यावा, मात्र एकच क्रमांक प्रत्येक तालुक्यात असतो हे ध्यानात ठेवावे. चोपड्याचा रे.मु.नं. ११२ वेगळा आणि अमळनेरचा वेगळा, म्हणून पक्षकारांची नावे जुळल्याशिवाय तो आपला दावा समजू नये.

दावा उघडला की सर्वांत आधी सीएनआर क्रमांक लिहून घ्यावा. तो सोळा अक्षरे-अंकांचा असतो आणि संपूर्ण देशात त्या दाव्यासाठी एकच असतो. पोर्टलवर नमुना म्हणून दिलेला क्रमांक असा आहे:

```
MHAU019999992015
```

यात `MH` म्हणजे महाराष्ट्र, `AU` म्हणजे तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, `01` म्हणजे तेथील न्यायालय आस्थापना, पुढचे सहा अंक अनुक्रमांक आणि शेवटचे चार अंक वर्ष. हा क्रमांक हाती आला की राज्य, जिल्हा, नाव यांपैकी काहीही निवडावे लागत नाही. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये तो एकदा जतन केला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. इंटरनेट नसलेल्या गावातून साधा एसएमएसही चालतो: `ECOURTS` लिहून एक जागा सोडून सीएनआर क्रमांक टाकायचा आणि `9766899899` या क्रमांकावर पाठवायचा. एक मर्यादा मात्र आहे. दाव्याविरुद्ध अपील झाले तर अपिलाला स्वतंत्र सीएनआर मिळतो आणि मूळ दाव्याचे पान 'निकाली' असेच राहते. म्हणून मूळ दावा सापडला म्हणजे शोध संपला असे समजू नये.

आता पानाचे वाचन. वरच्या भागात दाखल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक असे दोन वेगळे क्रमांक दिसतील. वकील व न्यायालय ज्याचा उल्लेख करतात तो नोंदणी क्रमांक. दावा चालू असेल तर पुढची तारीख आणि टप्पा दिसतो, निकाली असेल तर निर्णयाची तारीख आणि `Nature of Disposal`. आपल्यासाठी हाच रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. `Contested` असे असेल तर दोन्ही बाजू चालून निकाल झाला. `Uncontested` असेल तर पुढचा शब्द वाचावा. तडजोड झाली, दावा काढून घेतला, किंवा गैरहजेरीत निघाला, असे त्याचे वेगवेगळे प्रकार असतात. आपले वडील वारले आहेत, त्यामुळे `Abated` हा शब्द आहे का ते विशेष पाहावे. पक्षकार मयत झाल्यावर त्याचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, आणि तो परिणाम रद्द करून घेण्याच्या अर्जाला त्यापुढे साठ दिवस मिळतात. त्यानंतर विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचे कारण पटवून द्यावे लागते. आपल्याकडे आता दोन वर्षे झाली आहेत, म्हणून हा शब्द दिसला तर घरातल्या घरात वाट न पाहता लगेच वकिलाला भेटावे.

खाली तारखांचा इतिहास असतो. त्यातील प्रत्येक तारखेवर दाबले असता त्या दिवशी काय घडले याची त्रोटक नोंद उघडते, म्हणजे आपण ज्याला रोजनामा म्हणतो त्याचा सारांश. मी निकाली दाव्यांत शेवटच्या पाच-सहा तारखा नेहमी उघडून वाचतो. निकाल काय लागला हे निकालपत्र सांगते, पण तो तसा का लागला, साक्षीदार हजर नव्हता की वकील, हे पुष्कळदा या नोंदींतच कळते.

त्याखाली आदेशांची यादी असते, अंतरिम आदेश वेगळे आणि अंतिम निकाल वेगळा. निकालपत्राची पीडीएफ येथेच मिळते. ती नसेल तर निकाल झालाच नाही असा अर्थ काढू नये. जुन्या निकालांच्या प्रती अनेक ठिकाणी चढवलेल्याच नसतात. तसेच वैवाहिक वाद आणि लैंगिक गुन्ह्यांसारख्या प्रकरणांत नावे झाकलेली असतात किंवा आदेश उघड केलेले नसतात, आणि ते योग्यच आहे. पीडीएफ असो वा नसो, न्यायालयात वापरायला प्रमाणित प्रत लागते. ती न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून, कोर्ट फी व नकलेचा खर्च भरून मिळते. या सगळ्या शोधात पैसे भरावे लागणारी ही एकच जागा, आणि तेही न्यायालयाला.

आता ज्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे तो मुद्दा. वाटणीच्या दाव्यात 'निकाली' या शब्दाने वाटणी झाली असे होत नाही.

अलीकडेच माझ्याकडे तापीकाठच्या एका गावातले दोन भाऊ आले होते. त्यांच्या वडिलांचा २००९ सालचा रे.मु.नं. आम्ही वकिलाच्या नावावरून शोधला. पानावर २०१४ सालची निर्णयाची तारीख आणि `Contested` असा प्रकार होता. दोघे खट्टू झाले, कारण जमीन आजही चुलत भावांच्या ताब्यात आहे आणि ते धरून चालले होते की आपण हरलो. निकालपत्राची पीडीएफ उघडून शेवटचे पान वाचले, तेव्हा दावा मंजूर झालेला होता. वादीचा एक तृतीयांश हिस्सा जाहीर केला होता आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे वाटणीसाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा असे लिहिले होते. सारा आकारणी असलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी न्यायालय स्वतः करत नाही. हिस्से ठरवणे न्यायालयाचे काम, मोजणी करून सरस-निरस पाहून प्रत्यक्ष हिस्से पाडणे आणि ताबा देणे महसूल खात्याचे काम. त्यामुळे न्यायालयाच्या दृष्टीने दावा संपला आणि पोर्टलवर 'निकाली' झाला, पण ज्या कामासाठी वडिलांनी तो लावला होता ते सुरूही झाले नव्हते. नक्कल काढून पाहिल्यावर कळले की हुकूमनामा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेलाच नव्हता, कारण त्यासाठी अर्ज करणारे कोणी उरले नव्हते.

निकालपत्रात शेतजमिनीसोबत घर किंवा खळवाडीही असेल तर त्या भागासाठी आधी केवळ हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो आणि नंतर प्रत्यक्ष वाटणी करून देणाऱ्या अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज काही ठिकाणी किरकोळ अर्ज म्हणून, तर काही ठिकाणी दरखास्त म्हणून स्वतंत्र क्रमांकाने नोंदवला जातो. म्हणून मूळ दावा निकाली दिसल्यावर त्याच संकुलात त्याच नावाने निर्णयाच्या वर्षापासून पुढची वर्षे टाकून पुन्हा शोधावे. `Regular Darkhast` किंवा `Special Darkhast` असा प्रकार आढळला तर अंमलबजावणी सुरू झालेली आहे. उलट, चुलत्यांनी अपील केलेले असेल तर ते जिल्हा न्यायालयात `Regular Civil Appeal` म्हणून दिसेल. चोपड्याच्या दाव्याचे अपील अमळनेरच्या किंवा जळगावच्या जिल्हा न्यायालयात शोधावे.

त्या दोन भावांचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: इतक्या वर्षांनी आता वाटणी मागता येते का? गावातल्या एका जाणत्याने त्यांना बारा वर्षांची मुदत संपत आली असे घाबरवले होते. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या शुभकरण बुबना विरुद्ध सीताशरण बुबना या निवाड्यात आहे, आणि तो निवाडा पैसे न भरता वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निवाडे-संग्रहाचा पत्ता `scr.sci.gov.in` असा आहे. तेथे पक्षकाराच्या नावाच्या जागी `Bubna` एवढा एकच शब्द टाकला तरी निवाडा येतो, कारण असे आडनाव दुर्मीळ आहे. नाव शोधताना दुर्मीळ शब्द घ्यावा हा नियम येथेही उपयोगी पडतो. त्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले आहे की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्याची कार्यवाही हा त्याच दाव्याचा पुढचा भाग आहे, म्हणून त्यासाठीच्या अर्जाला मुदतीची मर्यादा लागू होत नाही. सारा आकारणीच्या जमिनीबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडून होणाऱ्या वाटणीचेही त्यात स्पष्टीकरण आहे. भावांनी तो निवाडा मोबाइलवर उघडून मला दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. मात्र प्रत्येक दाव्याचा हुकूमनामा वेगळा असतो. आपला हुकूमनामा या निवाड्यात बसतो का हे आपल्या वकिलाने हुकूमनाम्याचे शब्द वाचूनच सांगावे.

उच्च न्यायालयांचे निवाडे `judgments.ecourts.gov.in` येथे शब्दांवरून शोधता येतात. मात्र तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे निकाल तेथे नसतात, ते `services` च्या पत्त्यावरच पाहावे लागतात. हा भेद न कळल्यामुळे लोक आपल्या तालुक्याचा निकाल भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

अपील पुढे उच्च न्यायालयात गेले असेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर असले तरी पोर्टलवर खंडपीठ औरंगाबाद याच नावाने शोधावे. `hcservices.ecourts.gov.in` वर किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मुंबईची मुख्य शाखा निवडली तर आपले दुसरे अपील कधीच सापडणार नाही. येथे आणखी एक फसवी जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण दाखल होताच आधी स्टॅम्प क्रमांक मिळतो, आणि कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. चुलत्यांनी सांगितलेला 'हायकोर्टाचा नंबर' स्टॅम्पचा असेल आणि आपण तो नोंदणीच्या रकान्यात टाकला, तर पडद्यावर कुणा तिसऱ्याचेच प्रकरण उघडते. शोधताना `Stamp` आणि `Register` असे दोन्ही पर्याय तपासावेत आणि गावाचे नाव जुळवूनच पुढे जावे. वर्षानुवर्षे नुसत्या स्टॅम्प क्रमांकावर पडून राहिलेल्या अपिलाने खालच्या निकालाला आपोआप स्थगिती मिळत नाही. स्थगिती असेल तर तसा आदेश अंतरिम आदेशांच्या यादीत दिसला पाहिजे.

आणि निकाल विरुद्ध गेलेला आढळला तर दोन मुदती लक्षात ठेवाव्यात. दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस, आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस मिळतात. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात, निकाल संकेतस्थळावर चढला त्या दिवसापासून किंवा आपण पाहिला त्या दिवसापासून नव्हे. प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी देणे हिताचे असते. वाटणीच्या दाव्यात आणखी एक कडक नियम आहे. प्राथमिक हुकूमनाम्यावर वेळेत अपील केले नाही तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात हिश्शांबद्दल नव्याने वाद घालता येत नाही.

शेवटी, न्यायालयाच्या पोर्टलवर काय सापडणार नाही तेही सांगतो. आपल्या वडिलांनी दावा दिवाणी न्यायालयात न लावता तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज केला असेल, किंवा फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले असेल, तर ते महसुली प्रकरण आहे आणि ते ई-कोर्ट्सवर दिसणार नाही. गावाकडे दोन्हींना 'कोर्टात केस' असेच म्हणतात, आणि या एका शब्दामुळे मी स्वतः एकदा अख्खी दुपार चोपडा व अमळनेरच्या याद्या चाळत बसलो होतो, प्रकरण मात्र तहसील कचेरीत होते. तेव्हा आधी वडिलांच्या कागदांवर गोल शिक्का कोणाचा आहे तो पाहावा. न्यायालयाचा शिक्का असूनही सगळे शोध निष्फळ ठरले तर चोपड्याच्या न्यायालयात प्रत्यक्ष जावे. ज्या न्यायालय संकुलांत ई-सेवा केंद्र आहे तेथे दाव्याची स्थिती विनामूल्य सांगितली जाते, आणि केंद्र नसेल तर दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयातील दावा नोंदवहीत वर्ष व पक्षकाराच्या नावावरून नोंद पाहण्याची विनंती करता येते. जाताना वडिलांचा मृत्यू दाखला, आपले ओळखपत्र आणि सातबारा सोबत न्यावा, म्हणजे नोंद सापडलीच तर नकलेचा अर्ज त्याच भेटीत देता येईल.